जुना नंबर गेला, कोड त्याच नंबरवर जातोय. जीमेल उघडायचं कसं?

टॉवेलवाला | सोमवार, रात्री ११.२०

मंडळी, डोकं बंद पडलंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल-नॅपकिनचा छोटा कारखाना आहे. २०१२ पासून एकच जीमेल वापरतो. पार्ट्यांच्या ऑर्डरी, सीए साहेबांची पत्रं, जीएसटीचा ओटीपी, सगळं त्याच्यावर.

गेल्या आठवड्यात मोबाईल पाण्याच्या पिंपात पडला आणि मेला. नवीन घेतला. जीमेल टाकलं, पासवर्ड बरोबर दिला, तो घेतलाही. मग म्हणतो, शेवटी ३७ असलेल्या नंबरवर कोड पाठवतो. तो माझा जुना दुसरा नंबर. दोन-दोन सिमांचा रिचार्ज परवडेना म्हणून दिवाळीनंतर त्यात पैसे टाकणंच सोडलं होतं, आणि हे खातं त्याच्याशी जोडलंय हे साफ विसरलो होतो.

`Try another way` दाबलं तर तीनच रस्ते दिसतात. त्याच नंबरवर फोन, पिंपात बुडालेल्या मोबाईलवर `Yes` दाबा, नाहीतर `Get help`. त्या शेवटच्यातून काल रात्री दहा-अकरा वेळा प्रयत्न केला. आता `Too many failed attempts` येतंय. काय करू?

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री ११.४१

एवढं काय त्यात! आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा, डुप्लिकेट सिम घे. अर्ध्या तासात मिळतं. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. फक्त एक लक्षात ठेव, नवीन सिम चालू झालं तरी पहिले २४ तास मेसेज येत नाहीत. मेव्हणा रात्रभर कोड मागत बसला आणि सिम खराब आहे म्हणून सकाळी दुकानदाराशी भांडून आला.

---

रेवती_जुळे_सोलापूर | मंगळवार, सकाळी ७.५५

माझ्या सासूबाईंचंही अगदी हेच. आधारला जुना नंबर होता, ओटीपी येत नव्हता. तेव्हा ऑनलाइन काही झालं नाही दादा, आधार केंद्रात जाऊन अंगठा द्यावा लागला. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते. पेन्शनसाठी आम्ही दोनदा हेलपाटा घातला.

---

टॉवेलवाला | मंगळवार, दुपारी २.१०

रेवतीताई, आधारचा नंबर नवाच आहे, अडलंय ते जीमेलचं. तरी आभार.

कडकभाकरी, गॅलरीत जाऊन आलो. मुलीने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "काका, हा नंबर आता दुसऱ्याच्या नावावर आहे." मग बाहेर गाडीवर बसूनच त्या नंबरला फोन लावला. अक्कलकोटकडच्या एक बाई निघाल्या, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत होत्या. म्हटलं, मॅडम, तुम्हाला एक सहा आकडी कोड येईल तेवढा सांगता का? त्या म्हणाल्या, "मुलगा सांगून गेलाय, कोड कुणाला द्यायचा नाही." आणि फोन ठेवला. चूक त्यांची नाहीच. मीही आमच्या आईला हेच बजावून ठेवलंय.

---

भुईकोट | मंगळवार, दुपारी ३.०५

मी ऑफिसांचे संगणक सांभाळायचं काम करतो. अशी भानगड महिन्याला एखादी येतेच.

आधी सिमचं, कारण कडकभाकरींचं अर्धं बरोबर आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. त्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते कापून ३० दिवस वाढवून देतात. बंद झाल्यावरही पुढचे किमान ९० दिवस तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. एवढ्या काळात धावाधाव केली तर नंबर परत मिळायची आशा असते. तुमची दिवाळी होऊन किती महिने झाले बघा. तो रस्ता संपला. त्या बाईंना पुन्हा फोनही करू नका, उद्या त्यांनी तक्रार दिली तर वेगळाच व्याप.

आता तीन गोष्टी सांगा.

पासवर्ड घेतला आणि त्याच्यानंतर कोड मागितला, बरोबर ना? म्हणजे तुम्ही कधीतरी दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली होती. पासवर्ड विसरलेल्या माणसाचा रस्ता वेगळा असतो, तुमचा वेगळा. तुमच्याकडे किल्ली आहे, वरची कडी तेवढी निघत नाही.

ती चालू करताना आठ-आठ आकड्यांचे दहा कोड दिले असतील तर ते कुठे उतरवून ठेवलेत का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे खातं जगात कुठेतरी अजून उघडं आहे का? कारखान्यातला संगणक, घरचा लॅपटॉप, जुना मोबाईल, काहीही.

तोवर नवीन फोनवरून एकही प्रयत्न करू नका. चुकीचे प्रयत्न साचले की दार जास्त वेळ बंद राहतं.

---

टॉवेलवाला | मंगळवार, दुपारी ४.३०

हो, दोन टप्प्यांची मीच चालू केली होती. व्यापारी मंडळाच्या कुठल्याशा व्याख्यानात ऐकून. ते दहा कोड बघितल्याचं आठवतं, कागदावर घेतले नाहीत.

आणि अहो, कारखान्यातल्या संगणकावर मेल उघडतोय की! आत्ताच बघितलं. पासवर्डसुद्धा विचारला नाही. मग तिथे चालतंय आणि मोबाईलवर का नाही?

---

पार्कचौक | मंगळवार, दुपारी ४.४४

सोपंय काका. संगणकावरून एकदा लॉगआउट करा, ब्राउझरची हिस्ट्री-कुकी सगळी साफ करा आणि फ्रेश लॉगिन मारा. ९० टक्के प्रॉब्लेम कॅशचे असतात.

---

भुईकोट | मंगळवार, दुपारी ४.४९

टॉवेलवाला, हे अजिबात करू नका!! संगणकाला हात लावायच्या आधी हे वाचा.

त्या संगणकावर कधीतरी लॉगिन करताना `Don't ask again on this device` या चौकोनात खूण राहिली असणार. ती खूण त्या ब्राउझरच्या कुकीत असते. म्हणून गूगल त्या संगणकाला घरचा माणूस समजतं आणि कोड मागत नाही. कुकी पुसलीत की तुमचा संगणकही नवीन फोनसारखा परका होईल. आज तुमच्या हातात एवढंच एक उघडं दार आहे.

म्हणून लॉगआउट नाही, हिस्ट्री साफ नाही, संगणक वेगवान करून देणारी सॉफ्टवेअरं नाहीत. विंडोज नव्याने टाकायला कुणाला बोलावलं असेल तर त्याला आजच नको म्हणा. पासवर्डही आत्ता बदलू नका, त्याने बाकीच्या ठिकाणचं लॉगिन तुटतं.

पार्कचौक, तुझा उपाय पान नीट उघडत नसेल तेव्हाचा आहे. इथे तो उलटा पडला असता.

---

पार्कचौक | मंगळवार, दुपारी ४.५८

ओके ओके, चुकलं. मला वाटलं पान अडकतंय.

---

जीमेल_रिकव्हरी_एक्सपर्ट | मंगळवार, सायं. ५.३०

[हा प्रतिसाद संपादकांनी काढला आहे. कृपया धाग्यात फोन नंबर देऊन पैसे घेऊन खाती उघडून देण्याच्या जाहिराती करू नयेत.]

---

कडकभाकरी | मंगळवार, सायं. ५.५२

आला होता बघा. आमच्या गल्लीतल्या एकाने नेटवर 'गूगल कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरला फोन केला. त्यांनी एक ॲप टाकायला लावलं, स्क्रीन बघायला घेतली. खातं तर उघडलं नाहीच, बँकेतून साडेचार हजार गेले. १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली, पण पैसे अजून आले नाहीत. गूगल असं फोनवर कुणाचं खातं उघडून देत नाही म्हणे.

---

भुईकोट | मंगळवार, रात्री ९.१५

देत नाही. फुकटच्या जीमेलसाठी फोन करून पासवर्ड काढून घ्यावा असा कुणी माणूस तिकडे बसलेला नसतो. जे काही आहे ते `g.co/recover` या पानावर, आणि तिथे निर्णय यंत्रच करतं.

टॉवेलवाला, आता त्या संगणकावरून दोन कामं.

पहिलं काम रटाळ आहे, पण ते आधी. पुढे काय होईल सांगता येत नाही, तेव्हा दार उघडं आहे तोवर सामान बाहेर काढा. लागतील ती पत्रं आणि जोडलेल्या फाईली संगणकात उतरवून घ्या, पार्ट्यांचे पत्ते वहीत लिहा. जीएसटी, बँक, जिथे जिथे हा मेल दिलाय तिथे या मेलवर येणारा ओटीपी वापरून दुसरा मेल लावता येत असेल तर लावा.

दुसरं, `myaccount.google.com` उघडून सुरक्षेच्या पानावर दोन टप्प्यांची पडताळणी दाबा. पासवर्ड मागेल, द्या. आत सोडलं तर लगेच नवीन नंबर घाला आणि मग जुना काढा, याच क्रमाने. नाही सोडलं तर काय लिहून येतं ते इथे जसंच्या तसं सांगा.

---

कमल_विजापूर_वेस | मंगळवार, रात्री १०.०२

मधेच विचारते, राग मानू नका. माझे मिस्टर दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या फोनमधले आमचे सगळे फोटो त्यांच्या गूगल खात्यात आहेत. फोन उघडता येत नाही, पासवर्ड मला माहीत नाही. त्यांचं सिम फोनमध्येच आहे, पण रिचार्ज संपलाय. मलाही हेच करावं लागेल का?

---

भुईकोट | मंगळवार, रात्री १०.२०

ताई, राग कसला. तुमची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्याकडे एक गोष्ट टॉवेलवाल्यांपेक्षा चांगली आहे: नंबर अजून गेलेला नाही.

उद्या सकाळी आधी त्या नंबरवर रिचार्ज मारा. कुणाच्याही फोनवरून होतो, सिम हातात लागत नाही. पुढचं सगळं नंतर. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज असतो, त्याला मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड ते देत नाहीत, पण काही वेळा खात्यातला मजकूर देतात. वेळ लागतो आणि मिळेलच असं मी म्हणणार नाही. फोन मात्र कुठल्याही दुकानात 'लॉक तोडून' घेऊ नका, त्यात आतलं सगळं पुसलं जातं.

---

टॉवेलवाला | बुधवार, सकाळी ११.४०

पहिलं काम रात्री दीडपर्यंत केलं. पोरगी मदतीला होती. सात वर्षांची बिलं उतरवली.

दुसऱ्यात अडलो. पासवर्ड घेतला आणि पुन्हा तेच, शेवटी ३७ वाल्या नंबरवर कोड. म्हणजे आपल्याच घरात बसलोय, पण तिजोरीला परत तेच कुलूप. मेल वाचता येतो, पाठवता येतो, नंबर तेवढा बदलता येत नाही. हा कुठला न्याय?

---

भुईकोट | बुधवार, दुपारी १२.२५

न्याय असा की तुमचा संगणक उघडा टाकून तुम्ही जेवायला गेलात आणि कामगाराने नंबर बदलून खातं घशात घातलं, तर? म्हणून वाचायला सोडतात आणि कुलपं बदलताना पुन्हा विचारतात. त्या वेळी गूगलला खात्यात निदान सात दिवस जुनी असलेली एखादी वस्तू हवी असते. नंबर असेल, फोन असेल, सुरक्षेची किल्ली असेल.

तुमचा नंबर गेला, फोन बुडाला. तिसरं काही आहे का बघू. त्याच संगणकावर हे उघडा, याला कोड मागणार नाही बहुतेक:

```
myaccount.google.com/device-activity
```

तिथे हे खातं कुठकुठल्या यंत्रावर चालू आहे त्याची यादी येते. कुठलंही `Sign out` दाबू नका. फक्त वाचा आणि कळवा.

---

टॉवेलवाला | बुधवार, दुपारी १.१०

तीन आहेत. कारखान्याचा विंडोज संगणक. बुडालेला फोन. आणि एक जुना अँड्रॉइड फोन, चार वर्षांपूर्वीचं मॉडेल, त्यापुढे काही आठवड्यांपूर्वीची तारीख!

माझ्या तर पोटात गोळा आला. वाटलं, कुणीतरी चोरून वापरतंय. मग बायको म्हणाली, "अहो, तो सासूबाईंचा अभंगांचा फोन!" पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, माझ्याच जीमेलने चालू केलेला. शाळा सुरू झाल्यावर आई त्याच्यावर यूट्यूबला अभंग ऐकायची. आषाढीला पंढरपूरला गेली तेव्हापासून कपाटात पडलाय.

---

भुईकोट | बुधवार, दुपारी १.१४

सापडलं!

चार्ज करा. फॅक्टरी रिसेट वगैरे काही नाही, कुणी सुचवलं तरी नाही. घरच्या वायफायला जोडा. मग नवीन फोनवर जीमेल लावा, पासवर्ड द्या आणि `Try another way` मधून फोनवर `Yes` दाबायचा पर्याय घ्या. तो जुन्या फोनवरही आला पाहिजे.

---

टॉवेलवाला | बुधवार, रात्री ८.३५

आईच्या फोनचं रामायण ऐका.

चार्जरची पिन सैल, ती चिमट्याने धरून बसलो. पाऊण तासाने चालू झाला. वायफायला जोडला, पण काहीच उघडेना. यूट्यूब नाही, प्ले स्टोअर नाही. ब्राउझरला म्हणे `Your connection is not private`. मला वाटलं, झालं, हाही गेला. पोरीने बघितलं, वरती तारीख २०१९ ची दाखवत होता. बॅटरी पूर्ण संपल्यामुळे घड्याळ मागे गेलेलं. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ नीट केली, तशी धडाधड नोटिफिकेशनं सुरू.

मग नवीन फोनवर पासवर्ड टाकला. पहिल्यांदा जुन्या फोनवर काहीच आलं नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा केलं. पडद्यावर मोठा आकडा ६२ आला आणि आईच्या फोनवर तीन आकडे. ६२ वर बोट ठेवलं.

उघडलं हो!

आई मागे उभी होती. म्हणते, "माझा फोन बघू दे की आता, पाच वाजल्यापासून धरून बसलायस."

---

पार्कचौक | बुधवार, रात्री ८.४०

भारी! काकू जिंदाबाद.

---

भुईकोट | बुधवार, रात्री ९.००

वा. आईंना अभंग ऐकू द्या, पण फोन अजून आठवडाभर खात्यातून काढू नका.

आत्ता याच बैठकीत नवीन नंबर घाला, जुना काढा. पडताळणी मागितली तर पुन्हा आईच्याच फोनवरून होकार. मग दहा कोड नव्याने काढून कागदावर छापा. ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेत तर मोबाईलबरोबरच पिंपात जातील. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा.

आणखी एक. जुना नंबर काढला तरी पुढचे सात दिवस गूगल कोड पाठवायला तोही पर्याय म्हणून दाखवू शकतं. घाबरू नका, तो निवडू मात्र नका.

---

कडकभाकरी | बुधवार, रात्री ९.२२

माझा प्रश्न. मेसेजच्या कोडपेक्षा ते ऑथेंटिकेटर ॲप बरं ना? सिमची कटकटच नाही.

---

भुईकोट | बुधवार, रात्री ९.३१

सिम गेलं तरी चालतं हे खरं. पण तो फोनच बुडाला आणि ॲपमधले कोड खात्यात साठवलेले नसले तर कोडही बुडाले. साठवलेले असले तरी ते ज्या खात्यात आहेत त्याच्यातच शिरायचं असतं, मग पुन्हा तीच कोंडी. मी दोन्ही ठेवतो आणि शिवाय कागद. लोक यावर माझ्याशी भांडतात, भांडू देत.

---

रेवती_जुळे_सोलापूर | गुरुवार, सकाळी ८.१०

मी काल रात्री हे सगळं वाचून माझं खातं बघितलं. माझ्याही जीमेलला लग्नाआधीचा बार्शीचा नंबर निघाला! तो भावाकडे आहे. त्याला झोपेतून उठवून कोड घेतला आणि बदलला.

---

टॉवेलवाला | शुक्रवार, सायं. ६.४५

नंबर बदलला, कोडचा कागद कारखान्याच्या तिजोरीत आणि एक प्रत सीए साहेबांकडे बंद पाकिटात.

एक मात्र नवीनच निघालं. आज त्या अक्कलकोटच्या बाईंचा आपणहून फोन आला. बरोबर मुलगा होता. तो म्हणाला, "काका, कोड देणार नाही, पण तुमच्या बँकेचे मेसेज आईला येतात. रोज कुणाला किती पैसे गेले ते आम्हाला कळतं, ते बंद करा की." चालू खात्याला मी नवा नंबर कधीच दिला होता. हे बायकोबरोबरचं जुनं बचत खातं, त्यात तोच ३७ वाला राहिलाय. शनिवार-रविवार जाऊ दे, सोमवारी पासबुक घेऊन शाखेत जातो. गॅसचं कनेक्शन आणि विम्याची पॉलिसी कुठल्या नंबरवर आहे तेही बायको आता शोधतेय.

---

कमल_विजापूर_वेस | शुक्रवार, रात्री ९.५०

भुईकोट दादा, रिचार्ज झाला, नंबरला रिंग जाते. सिम माझ्या साध्या फोनमध्ये घातलं. `g.co/recover` वर त्यांचा मेल टाकला तर कोड आला, मी तो दिला. पण लगेच आत नाही सोडलं. काही तासांनी लिंक पाठवू असं काहीतरी आलंय, कुठे पाठवणार ते नीट कळलं नाही. घरच्याच वायफायवरून केलं होतं. हे बरोबर झालं की मृत व्यक्तीचाच अर्ज आधी करायला हवा होता?

---

भुईकोट | शुक्रवार, रात्री १०.०५

ताई, असं थांबवतात, त्यात नवल नाही. काही वेळा तास, काही वेळा दिवस लागतात. लिंक बहुतेक त्याच नंबरवर मेसेजने येईल किंवा त्यांनी दुसरा मेल दिला असेल तर त्याच्यावर. सिम त्या फोनमधून काढू नका, फोन बंद ठेवू नका आणि तोवर पुन्हा नव्याने प्रयत्न करू नका. अर्ज आधी की हे आधी, यावर ठाम उत्तर माझ्याकडे नाही. कागदोपत्री सरळ रस्ता अर्जाचाच. मृत्यूचा दाखला स्कॅन करून तयार ठेवा.

---

कमल_विजापूर_वेस | शुक्रवार, रात्री १०.११

बरं. फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवलाय.